उसना हात

परीक्षेच्या तोंडावर उजव्या हाताचे हाड मोडले, तर घरात पहिला प्रश्न उठतो तो वर्षाचा. वर्ष वाया जाणार का, पुरवणी परीक्षेपर्यंत थांबावे का, की डाव्या हाताने लिहिण्याचा सराव करावा? राज्य मंडळाच्या परीक्षेत लेखनिकाची सोय असते, हे ऐकून बहुतेकांना ठाऊक असते. ती सोय कशी मिळवायची आणि मिळाल्यावर कशी वापरायची, हे मात्र संकट दारात उभे राहीपर्यंत कोणी पाहत नाही. सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावातील कापड व्यापाऱ्याच्या घरी घडलेली हकीकत या दृष्टीने उपयोगी पडेल. मुलगी बारावी वाणिज्यला होती. लेखी परीक्षेला अठरा दिवस उरले असताना ती जिन्यावरून घसरली आणि उजव्या मनगटाजवळचे हाड मोडले. कोपरापर्यंत प्लास्टर चढले. बोटे मोकळी होती, म्हणून काही नातेवाईक म्हणाले, "हळूहळू लिहिता येईल की." वडिलांनी घड्याळ लावून तिला एक पान लिहायला सांगितले. चौथ्या ओळीला बोटे सुजली आणि अक्षर वाचण्यापलीकडे गेले. घरातली ही चर्चा तिथेच संपली.

पहिले काम दाखल्याचे. अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेल्या कागदावर हाड कोणते मोडले आणि प्लास्टर किती आठवडे राहील, एवढेच लिहिले होते. डॉक्टरांच्या दृष्टीने तो कागद पूर्ण होता, परंतु अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून हवे ते उत्तर मिळत नव्हते. त्याला हाडाचे नाव नको असते. ही विद्यार्थिनी याच हाताने लिहिते का, तो हात सध्या लिहू शकतो का आणि कोणत्या तारखेपर्यंत लिहू शकणार नाही, हे त्याला हवे असते. शाळेतल्या अनुभवी लिपिकांनी हे समजावून सांगितले, तेव्हा वडील पुन्हा दवाखान्यात गेले. नव्या दाखल्यात या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या आणि क्ष-किरण अहवालाची प्रत सोबत जोडली. खासगी डॉक्टरांच्या दाखल्याबरोबर सरकारी रुग्णालयाचा दाखला मागितला जाऊ शकतो, म्हणून तोही त्याच दिवशी घेतला. नंतर मागणी आली असती, तर त्यातच चार दिवस गेले असते.

दुसरे काम अर्जाचे. अर्ज पालकांनी थेट मंडळाकडे न पाठवता तो प्राचार्यांमार्फत विभागीय मंडळाच्या सचिवांकडे गेला. सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो, त्यामुळे कागद पुण्याला पोहोचले. वडिलांनी पहिल्या मसुद्यात "लेखनिकाची परवानगी मिळावी" एवढेच लिहिले होते. प्राचार्यांनी तो वाचून विचारले, "आणि वेळ?" वडिलांची समजूत अशी, की लेखनिक मिळाला म्हणजे जादा वेळ आपोआपच मिळेल. प्राचार्य म्हणाले, "शेठजी, या दोन वेगळ्या मागण्या समजा. परवानगीच्या पत्रात जे लिहिलेले असेल, तेच केंद्रावर चालेल." त्यांच्या सांगण्यावरून अर्जात दोन स्वतंत्र मागण्या आल्या. पहिली लेखनिकाची, दुसरी तासाला वीस मिनिटे जादा वेळेची. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला हा वेळ साठ मिनिटे होतो. पत्र हाती आल्यावर वडिलांनी दोन्ही बाबी त्यात आहेत ना, हे आधी पाहिले आणि पत्राच्या तीन प्रती काढल्या. एक केंद्रसंचालकांकडे दिली, एक शाळेत ठेवली आणि एक मुलीच्या प्रवेशपत्राला टाचली.

सर्वांत अधिक वाद झाला तो लेखनिकाच्या निवडीवर. घरात सनदी लेखापालाची परीक्षा देणारा चुलतभाऊ होता. अक्षर मोत्यासारखे आणि हिशेबात पारंगत. आईचे म्हणणे असे, की घरचाच मुलगा असताना परक्याकडे कशाला जायचे? पण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्यामागचा विचार सरळ आहे. उत्तर ज्याला येते, तो केवळ हात राहत नाही. एखादी चूक त्याच्याकडून नकळत सुधारली जाते आणि मग गुण कोणाचे, हा प्रश्न उरतो. अखेर शेजारच्या किराणा व्यापाऱ्याच्या मुलाला विचारले. तो अकरावीत होता. लेखनिक कोणत्या शाखेचा असावा, याविषयी अट आहे का, हे प्राचार्यांनी केंद्राला आधीच विचारून घेतले होते. मुलाच्या महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र, ओळखपत्र, छायाचित्र आणि त्याच्या पालकांची लेखी संमती हे सारे अर्जासोबत गेले. त्याच्या स्वतःच्या चाचण्या कोणत्या दिवशी आहेत, हेही पाहावे लागले, कारण सहा विषयांचे सहा दिवस तो मोकळा हवा होता. तो आजारी पडला तर काय, म्हणून दुसऱ्या एका मुलाचे नाव आणि कागद प्राचार्यांकडे तयार ठेवले.

कागदपत्रे मार्गी लागली आणि घराला वाटले, आता चिंता मिटली. खरी अडचण पुढेच होती. पुस्तपालन आणि लेखाकर्माची जुनी प्रश्नपत्रिका घेऊन दोघे पहिल्यांदा बसले. भागीदारी संस्थेची अंतिम खाती मुलगी स्वतः लिहीत असे, तेव्हा तिला पस्तीस मिनिटे लागत. सांगून लिहवून घेताना बासष्ट मिनिटे गेली आणि तरीही ताळेबंद जुळला नाही. जादा वेळेचा हिशेब मांडून पाहिला, तर तीन तासांचे चार होतात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या कामाला जेमतेम सत्तेचाळीस मिनिटे मिळतात. बासष्ट मिनिटे कुठेच बसत नव्हती. जादा वेळ म्हणजे सवलतीचे दान, हा घरातला समज त्या दिवशी गेला. तो वेळ बोलण्यात आणि ऐकण्यात खर्च होणारच होता, आणि तोही पुरत नव्हता.

उपाय आजोबांनी सुचवला. त्यांच्या पेढीवर ते गादीवर बसून नोंदी सांगत आणि मुनीम लिहीत. ते म्हणाले, "बेटा, मनात जसे येते तसे सांगू नकोस. वहीत जसे बसते तसे सांग." मुलगी आपल्या विचाराच्या क्रमाने बोलत होती. आधी रक्कम, मग खाते, मग "नाही, ते दुसऱ्या बाजूला". लेखनिकाचा हात दर वाक्याला थांबत होता. त्यांनी एक क्रम ठरवला. आधी कोणते खाते, मग कोणती बाजू, मग बाबीचे नाव, मग आतला की बाहेरचा रकाना आणि शेवटी रक्कम. व्यापार खाते, नफातोटा खाते आणि ताळेबंद यांचे रकाने पहिल्यांदाच आखून घ्यायचे, म्हणजे मध्येच पट्टी शोधावी लागत नाही.

समायोजने अधिक अवघड होती. यंत्रसामग्री 80,000 रुपये आणि घसारा 10 टक्के, एवढी ओळ वाचली की स्वतः लिहिणारा विद्यार्थी 8,000 रुपये नफातोटा खात्यात टाकतो आणि ताळेबंदाशी आला की आठवणीने वजा करतो. सांगणाऱ्याची आठवण मधल्या बोलण्यात हरवते. पहिल्या सरावात ताळेबंद जुळला नव्हता तो याच कारणाने. त्यामुळे समायोजन वाचताच दोन्ही परिणाम लागोपाठ लिहवून घ्यायचे, असे ठरले. घसारा 8,000 नफातोटा खात्याच्या नावे बाजूला आणि लगेच ताळेबंदाच्या मालमत्ता बाजूला 80,000 वजा 8,000, बाहेर 72,000. ऋणको 60,000 असून त्यावर 5 टक्के संशयित कर्जनिधी करायचा असेल, तर 3,000 एकीकडे आणि 57,000 दुसरीकडे, एकाच दमात.

आकडे सांगण्याचीही एक रीत बसवावी लागली. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर घाईत सारखेच ऐकू येतात. म्हणून रक्कम आधी शब्दात आणि लगेच सुट्या अंकांत सांगायची. "एकोणसाठ हजार, पाच, नऊ, शून्य, शून्य, शून्य." लेखनिकाने ती हळू आवाजात परत वाचायची. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कठीण शब्दांचे स्पेलिंग मुलीनेच अक्षरे उच्चारून सांगायचे. चौथ्या सरावात अंतिम खात्यांना सेहेचाळीस मिनिटे लागली आणि ताळेबंद जुळला.

एक सूक्ष्म गोष्ट अजून राहिली होती. तिसऱ्या सरावात मुलीने येणी चुकून देयता बाजूला सांगितली आणि लेखनिकाचा पेन क्षणभर अडखळला. तो काही बोलला नाही, पण त्या थांबण्याने तिला चूक कळली. शेजारी बसलेल्या आजोबांच्या ते लक्षात आले. त्यांनी मुलाला सांगितले, "चुकीचे असले तरी हात थांबता कामा नये. मुनीम शंका विचारू शकतो, तू विचारायची नाही." परीक्षेत त्यांची खोली वेगळी असणार होती, कारण मोठ्याने बोलल्याने इतरांना त्रास होतो, आणि त्यांच्यासाठी पर्यवेक्षकही वेगळा असणार होता. त्याला असे थांबणे खूण वाटले असते, तर दोघेही अडचणीत आले असते. पुढच्या सरावात आजोबांनी मुलीला मुद्दाम दोन चुका सांगायला लावल्या आणि मुलाने त्या न थांबता लिहिल्या. चूक शोधण्याचे काम मुलीचे. त्यासाठी प्रत्येक प्रश्नानंतर दोन मिनिटे राखून ती लिहिलेले पान स्वतः वाचून पाही.

परीक्षा सुरू झाली तेव्हा दोघांची जोडी बसली होती. शेवटचे दोन विषय उरले असताना प्लास्टर निघाले, आणि घरात पुन्हा तोच विचार आला, की आता तिने स्वतः लिहावे. मनगट ताठर झाले होते, मूठ पूर्ण मिटत नव्हती. प्लास्टर निघाले म्हणजे हात बरा झाला, असे नसते. लिहिण्याची ताकद परत यायला व्यायामाचे आणखी काही आठवडे लागतात. सुदैवाने दाखल्यात प्लास्टर काढण्याची तारीख न घालता शेवटच्या विषयाची तारीख घातली होती, म्हणून परवानगी तोपर्यंत चालू होती. अशा वेळी दाखला लिहून घेताना परीक्षेचे वेळापत्रक डॉक्टरांसमोर ठेवावे आणि शेवटचा विषय कोणत्या दिवशी आहे, ते बोट ठेवून दाखवावे.