‘शुगर 268, इन्सुलिन दिलं’ : या एका ओळीत काय राहून जातं?

घरातलं मधुमेह असलेलं माणूस रुग्णालयात दाखल झालं, की तुम्ही एक दृश्य रोज पाहता. सिस्टर छोटं ग्लुकोमीटर घेऊन येतात, बोटाला टोचतात, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात, आकडा कागदावर लिहितात आणि त्यानुसार इन्सुलिनचं इंजेक्शन देतात. राउंडला गेलो की नातेवाईक हमखास विचारतात, “डॉक्टर, घरी गोळ्यांवर शुगर दीडशे असायची. इथे इन्सुलिन देऊनही अडीचशे कशी?”

त्याचं उत्तर फार अवघड नाही. अंगात जंतुसंसर्ग असला, ताप असला, ऑपरेशन झालेलं असलं, की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि ती साखर वाढवतात. स्टेरॉइड चालू असेल तर आणखी वाढते. त्यातच नेहमीच्या काही गोळ्या आपण तात्पुरत्या थांबवलेल्या असतात. म्हणून रुग्णालयात बहुतेक रुग्णांची साखर 140 ते 180 च्या दरम्यान राहिली, तर आम्ही समाधानी असतो. (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये आहेत.)

पण मला आज बोलायचंय ते वाढलेल्या साखरेबद्दल नाही. साखरेचा आकडा एकटा असला, तर तो धोकादायक ठरू शकतो. आकडा किती वाजताचा, त्याआधी रुग्णाने काय खाल्लं होतं आणि शेवटचं इन्सुलिन कधी दिलं होतं, या तीन गोष्टी बरोबर नसतील, तर त्या आकड्यावरून पुढचा निर्णय चुकू शकतो. वॉर्डमध्ये दर काही तासांनी ड्यूटी बदलते. त्या वेळी या तीन गोष्टी एका सिस्टरकडून दुसरीकडे पोचतात त्या लेखी नोंदीतून आणि तोंडी सांगण्यातून. म्हणजे बऱ्याचदा एका ओळीतून.

स्लायडिंग स्केल म्हणजे काय?

केस पेपरवर डॉक्टर एक तक्ता लिहून ठेवतात. आकडे रुग्णागणिक बदलतात, पण साधारण तो असा असतो : जेवणापूर्वीची साखर 150 पर्यंत असेल तर इन्सुलिन नाही, 151 ते 200 असेल तर 2 युनिट, 201 ते 250 ला 4, 251 ते 300 ला 6, 301 ते 350 ला 8, आणि त्यापुढे गेली तर डॉक्टरांना फोन. साखर जसजशी वर सरकते तसतसा डोस सरकतो, म्हणून हे ‘सरकतं’ माप. रात्री दोन वाजता डॉक्टर शेजारी उभे नसले तरी सिस्टरना काय करायचं ते कळतं, ही त्याची सोय.

पण तक्त्यातला एक शब्द फार महत्त्वाचा आहे : ‘जेवणापूर्वी’. हा तक्ता पोट रिकामं असतानाच्या, आणि आधीच्या डोसचा जोर ओसरल्यावरच्या साखरेसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे वॉर्डमध्ये बरेचदा वापरलं जाणारं साधं रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली दिल्यावर अर्ध्या तासाने काम सुरू करतं, दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि परिणाम सहा-आठ तासांपर्यंत रेंगाळतो. म्हणजे सुई टोचून दोन तास झाले, तेव्हा ते इन्सुलिन संपलेलं नसतं. ऐन भरात येत असतं.

एका रात्रीचं उदाहरण

माझ्या पाहण्यात आलेल्या एकसारख्या प्रसंगांतून हे उदाहरण जुळवलंय. बासष्ट वर्षांच्या एक काकू, पायाला सूज आणि जंतुसंसर्ग म्हणून दाखल. वरचाच तक्ता लिहिलेला, तीन जेवणांआधी वापरायचा. संध्याकाळी 7:35 ला साखर 268 आली. 7:40 ला तक्त्याप्रमाणे रेग्युलर 6 युनिट दिलं. इथपर्यंत सगळं बरोबर. आठ वाजता ड्यूटी बदलली. नोंद होती : ‘शुगर 268, इन्सुलिन दिलं.’

सव्वाआठला जेवणाचं ताट आलं. काकूंना मळमळत होतं, त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. कुणाला सांगितलं नाही. आई उपाशी राहिली म्हणून नऊच्या सुमारास मुलाने खालून साखरेचा चहा आणि चार बिस्किटं आणली. पाऊण तासाने तो काळजीने म्हणाला, “सिस्टर, मघाशी आईची शुगर फार होती, आता एकदा बघता का?” सिस्टरनी पाहिली : 254. तक्ता उघडला : 251 ते 300, 6 युनिट. 9:50 ला दुसरा डोस दिला गेला.

आता घड्याळ मांडून बघा. 7:40 चा डोस साधारण दहाच्या सुमारास भरात येणार. 9:50 चा डोस मध्यरात्री ते दोनच्या दरम्यान भरात येणार, आणि तोवर पहिलाही पूर्ण गेलेला नसणार. 254 हा आकडा चहा-बिस्किटांनंतरचा होता, तो तासाभरात आपोआपच उतरणार होता. पोटात खरं जेवण नव्हतंच. एकावर एक असे डोस साचण्याला आम्ही ‘स्टॅकिंग’ म्हणतो.

रात्री दीड वाजता काकू घामाने भिजलेल्या आणि बरळत असलेल्या आढळल्या. साखर 46. गिळण्याइतकी शुद्ध नव्हती, म्हणून तोंडाने काही न देता शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिलिलीटर, म्हणजे 25 ग्रॅम ग्लुकोज दिलं. पंधरा मिनिटांनी साखर 138 झाली आणि त्या नीट बोलू लागल्या. तरी काम संपलं नव्हतं. आत इन्सुलिन शिल्लक होतं, म्हणून डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू ठेवून पहाटेपर्यंत दर तासाला साखर पाहावी लागली.

दोन्ही सिस्टरनी तक्त्यातला बरोबर रकाना वाचला होता. चुकीचा रकाना नव्हता. हरवली होती ती वेळ आणि हरवलं होतं जेवण.

हीच नोंद पूर्ण असती तर

ती अशी दिसली असती : ‘सायं. 7:35, जेवणापूर्वी ग्लुकोज 268. 7:40 ला रेग्युलर इन्सुलिन 6 युनिट, पोटावर त्वचेखाली. जेवण अजून आलेलं नाही; किती खाल्लं ते पाहावं, न खाल्ल्यास डॉक्टरांना कळवावं. तक्ता फक्त जेवणाआधी.’

चार वाक्यं, लिहायला एक मिनिट. पण रात्रीच्या सिस्टरना सव्वाआठलाच ताटाकडे बघायची आठवण राहिली असती. 254 दिसल्यावर मागचा डोस दोन तासांपूर्वीचाच आहे हे कळलं असतं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला असता, डोस थांबवून दोन तासांनी पुन्हा साखर पाहिली गेली असती.

नोंदीतली आणखी एक बारीक गोष्ट. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, असा आमचा आग्रह असतो. इंग्रजीत घाईने आकड्याला चिकटवून नुसतं U लिहिलं, तर ते शून्यासारखं दिसतं आणि 6 चे 60 वाचले जाऊ शकतात.

बोटावरचा आकडा कितपत खरा?

रुग्णाने नुकतंच मोसंबं सोललं असेल किंवा केळं खाल्लं असेल, तर बोटाला लागलेली साखर थेंबात मिसळते आणि आकडा खोटाच चढतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नेहमी पूर्ण निघत नाही. हात पाण्याने धुऊन कोरडे करणं हेच खरं. ज्या हाताला डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू आहे, त्या हाताचं बोटही टाळावं. रुग्ण शॉकमध्ये असेल, हातपाय गार असतील, तर बोटाच्या थेंबावर भरवसा न ठेवता शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत पाठवतात.

शिवाय चांगल्या ग्लुकोमीटरलाही सुमारे 15 टक्के इकडेतिकडे चालतं. खरी साखर 200 असेल तर यंत्र 180 दाखवू शकतं, 220 ही दाखवू शकतं. म्हणून 198 आणि 204 यांत तक्ता रकाना बदलत असला, तरी शरीरात तेवढा फरक नसतो. रुग्णाच्या लक्षणांशी न जुळणारा आकडा आला, तर हात धुऊन पुन्हा पाहणं हेच शहाणपणाचं.

तक्त्याची मर्यादा

स्लायडिंग स्केल मागे बघून गाडी चालवतं. साखर चढली की उतरवतं, चढू नये म्हणून काही करत नाही. म्हणून रुग्ण काही दिवस राहणार असेल आणि साखर सतत जास्त असेल, तर आम्ही दिवसभर मंद चालणारं एक इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळी वेगळा डोस अशी मांडणी करतो. तक्ता उरतो तो फक्त वरच्या दुरुस्तीपुरता. टाइप 1 मधुमेहात तर नुसता तक्ता चालतच नाही. साखर 150 च्या आत आली म्हणून अशा रुग्णाचं सगळंच इन्सुलिन थांबवलं, तर रक्तात आम्ल साचून तो गंभीर होऊ शकतो.

खाटेशेजारी बसलेल्या तुमच्यासाठी

डोस ठरवणं तुमचं काम नाही, पण जेवणाचं काय झालं हे सिस्टरपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. इन्सुलिन दिल्यानंतर रुग्ण जेवला नाही, अर्धवट जेवला किंवा उलटी झाली, तर लगेच सांगा. पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. डब्यातून किंवा खालून काही आणून दिलंत, तर काय आणि किती वाजता तेही सांगा. त्यावर कुणी रागावलं तरी चालेल. मधल्याच वेळी साखर पाहायला लावलीत, तर आकडा ऐकून “मग इन्सुलिन द्या ना” असा आग्रह धरू नका. “शेवटचं इन्सुलिन किती वाजता दिलं होतं?” एवढंच विचारा.

रुग्णाला एकाएकी घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर सिस्टरना हाक मारा आणि साखर पाहायला सांगा. 70 च्या खाली असेल आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर साधारण 15 ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चमचे ग्लुकोज पाण्यातून देतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहतात. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आणि ड्यूटी बदलताना सिस्टर खाटेपाशी येऊन एकमेकींना माहिती देत असतील, तर ती दोन मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून ऐका. “आज त्यांनी जेवण टाकलंय” हे सांगायची सर्वांत योग्य वेळ तीच असते.