चार पानी साक्षीदार

तो चार पानांचा होता. ए-फोर कागद, डाव्या कोपऱ्यात एकच स्टेपल, वर बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या एका न्यायालयाचं नाव आणि खाली प्रकरण क्रमांक. क्रमांकात IN ही दोन अक्षरं. जर्मनीत कंपनीचं दिवाळं निघालं की ती लागतात, साध्या नोकरदाराचं निघालं तर बहुधा IK. घेणेकऱ्यांच्या सभेचं हे इतिवृत्त. जर्मन लोक त्याला प्रोटोकोल म्हणतात आणि बोलताना त्या शब्दापाशी आवाज जरा खाली आणतात.

आमची ओळख पैशांवरून झाली. यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यासाठी मी माहितीपुस्तिकांचे अनुवाद करत असे. कारखाना बुडाला तेव्हा माझे ६,४०० युरो येणं होतं. दाव्याचा अर्ज बिलांच्या प्रतींसह न्यायालयाकडे नाही, तर न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे पाठवायचा असतो. तो पाठवला आणि सभेच्या तारखेला हौसेने स्वतः गेले. घेणेकरी एकंदर चौसष्ट होते आणि खोलीत आलो होतो सहा जण. (आकडे इथे थोडे बदलून सांगते, हिशेब मात्र तसाच आहे.)

इतिवृत्ताचा स्वभाव पहिल्याच पानावर कळतो. किती वाजता सुरू झालं, कोण हजर, कोण कोणाच्या वतीने आणि मुखत्यारपत्र दाखवलं की नाही, एवढं त्याला पुरतं. कारखान्याचा म्हातारा मालक कोपऱ्यात टोपी चुरगाळत बसला होता. त्याच्याबद्दल दोनच शब्द आहेत : ‘ऋणको हजर’. प्रशासक पाऊण तास बोलला, कारखाना का बुडाला, ऑर्डरी किती शिल्लक आहेत, गिऱ्हाईक कोण मिळू शकेल. त्यावर ‘प्रशासकाने अहवाल दिला, लेखी अहवाल सोबत जोडला आहे’ एवढी एक ओळ. आमच्याकडच्या सोसायटीच्या सभेत कोण कोणाला काय बोललं हेही इतिवृत्तात यावं म्हणून भांडणं होतात. याला त्यातलं काही नको असतं.

त्याचा जीव अडकलेला असतो तो दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात. नाव, दाव्याची रक्कम आणि शेवटच्या रकान्यात मताचं वजन. इथे माणसं मोजत नाहीत, युरो मोजतात. आणि तेही प्रत्यक्ष मत देणाऱ्यांचेच. घरी बसलेल्या अठ्ठावन्न जणांच्या लाखोंचं वजन त्या सकाळी शून्य होतं. एक गोष्ट मात्र मला आवडली. आपल्याकडे २०१६च्या दिवाळखोरी कायद्यानुसार घेणेकऱ्यांच्या समितीत मत असतं ते मुख्यतः बँका आणि कर्ज देणाऱ्यांना, माल पुरवणारा बहुतेक वेळा मताविना बसतो. इथे माझा युरो आणि बँकेचा युरो एकाच तराजूत होते, फक्त तिचे बरेच जास्त होते.

ठराव होता कारखाना तूर्त चालू ठेवायचा की बंद करायचा. बँकेचे ६,००,००० युरो, तिला बंद हवा होता. चालू ठेवा म्हणणारे आम्ही चौघं : सरकारी रोजगार खातं १,८०,००० (कामगारांचा थकलेला पगार त्याने दिला, म्हणून तो दावा त्याच्याकडे आला), दोन पुरवठादार ९०,००० आणि ४०,००० आणि मी. बेरीज ३,१६,४००. म्हणजे आम्ही हरणार हे ठरलेलंच.

सहावा होता पोलादाचा व्यापारी. दावा ४,५०,००० युरोंचा, पण प्रशासकाने तो अमान्य केलेला. प्रशासकाच्या मते अर्धा माल सदोष होता. असा दावा मतदानापुरता किती धरायचा हे हजर असलेल्या मतदारांनी आणि प्रशासकाने आपसात ठरवायचं, नाही जमलं तर न्यायालयाने. अर्थात बँकेने मान हलवली नाही. मग निर्णय आला खुर्चीतल्या बाईंकडे. त्या न्यायाधीश नव्हत्या. जर्मनीत अशा सभा बहुधा रेख्ट्सफ्लेगर नावाचा न्यायालयीन अधिकारी चालवतो. त्यांनी व्यापाऱ्याची कागदपत्रं वीसेक मिनिटं चाळली. खोलीत रेडिएटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

निम्मा दावा धरला असता तर आमचे ५,४१,४०० झाले असते, बँक तरीही पुढे. त्यांनी पूर्ण धरला. ७,६६,४०० विरुद्ध ६,००,०००. कारखाना चालू राहिला. इतिवृत्तात हे असं आहे : ‘मताधिकार ४,५०,००० युरोंपुरता मंजूर. ठराव संमत.’ एवढ्या दोन वाक्यांवर चाळीस माणसांची सोमवारची पाळी अवलंबून होती.

मताधिकार मिळाला म्हणजे दावा खरा ठरला, असं अनेकांना वाटतं. व्यापाऱ्यालाही वाटलं, त्याने माझा हात जोरात दाबला. दाव्याची तपासणी ही वेगळी बैठक, आणि तिचा निकाल जातो वेगळ्या वहीत, दाव्यांच्या तक्त्यात. तिथे कोणी हरकत घेतली नाही आणि नोंद झाली, तर ती अंतिम निकालाइतकी पक्की. सभेचं मत फक्त सभेपुरतं.

बँकेच्या तरुण वकिलाकडे अजून एक हत्यार होतं. मताच्या वजनामुळे निकाल फिरला असेल तर न्यायाधीशाकडून ते वजन पुन्हा ठरवून घेऊन मतदान परत मागता येतं. सगळ्यांच्या सामायिक हिताविरुद्ध ठराव झाला म्हणून तो रद्द करा, असंही म्हणता येतं. पण दोन्ही अर्ज सभा संपायच्या आत करावे लागतात. नंतर कितीही सुंदर पत्र लिहा, उपयोग नाही. बाईंनी विचारलं, ‘आणखी काही अर्ज?’ तो फोनवर काहीतरी टाइप करत होता. ‘अर्ज आले नाहीत. सभा ११.४२ ला समाप्त.’ सभेत विधिवत काय घडलं याचा पुरावा हाच कागद. त्याला खोटं पाडायचं तर तो बनावट आहे हे सिद्ध करावं लागतं.

हाच कागद मोठ्या घरी गेला तरी स्वभाव सोडत नाही. वायरकार्ड ही जर्मन कंपनी बुडाली, १.९ अब्ज युरो मुळात नव्हतेच असं उघड झालं आणि २५ ऑगस्ट २०२० ला म्युनिकच्या न्यायालयाने दिवाळखोरीची कारवाई सुरू केली. १८ नोव्हेंबरला घेणेकऱ्यांची पहिली सभा भरली ती लोव्हेनब्राउकेलर या बिअरच्या प्रचंड हॉलमध्ये. करोनामुळे माणसांमध्ये अंतर हवं होतं. दावे १२ अब्ज युरोंच्या वर. फसवले गेलेले भागधारकही घेणेकरीच आहोत म्हणत रांगेत होते. रांगेत शेवटी उभे राहणाऱ्या दुय्यम घेणेकऱ्यांना मतच नसतं, त्यामुळे भागधारकांची जागा कुठे हा प्रश्न साधा नव्हता. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याचं उत्तर दिलं १३ नोव्हेंबर २०२५ ला : भागधारक इतर घेणेकऱ्यांच्या मागे.

आमचा कारखाना पुढे तुकड्यातुकड्याने विकला गेला. चार वर्षांनी माझ्या खात्यावर ३७१ युरो २० सेंट जमा झाले, दाव्याच्या ५.८ टक्के. तुम्हाला असं सभेचं पत्र आलं आणि जाणं जमत नसेल, तर निदान मुखत्यारपत्र देऊन कोणाला तरी पाठवा.