‘इल्ल’ आणि ‘इल्लि’

सेवानिवृत्तीनंतर मी कन्येकडे कलबुर्गीस येऊन राहिलो, तेव्हा माझे कन्नड दहा-बारा शब्दांपलीकडे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना पुढील प्रसंगाचे हसू येईल. पण मला तो विसरता येत नाही.

माझ्या वडील भगिनीला देवल गाणगापुरास मध्यान्ही माधुकरी मागायची होती. वय ऐंशीच्या घरात आणि त्यात उपवास. आम्ही सकाळीच मोटारीने अफझलपूर रस्त्याने निघालो. चौडापूरच्या फाट्यावर एक वृद्ध गृहस्थ उभे होते. मी हात जोडून, सरळ रस्त्याकडे बोट दाखवीत विचारले, “अज्जारी, गाणगापूर?” ते म्हणाले, “इल्ल री.” मला ऐकू आले ‘इल्लि’, म्हणजे ‘इथे’. त्यांनी ‘नाही’ म्हटले होते. मी आभार मानून सरळ निघालो. अफझलपूरची पाटी दिसली, तेव्हा चूक उमगली.

चूक त्यांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. बोट मी दाखविले आणि उत्तराला एकच शब्द ठेवला. कन्नडात ‘इल्लि’ म्हणजे इथे नि ‘इल्ल’ म्हणजे नाही. ‘अल्लि’ म्हणजे तिथे नि ‘अल्ल’ म्हणजे ते नव्हे. नवख्या कानाला शेवटचा ऱ्हस्व इकार निसटतो आणि अर्थ उलटतो.

चहाच्या टपरीवर मी पुन्हा विचारले, या वेळी बोट खिशात ठेवून: “अण्णारी, देवल गाणगापूरक्क याव दारी री?” ‘देवल’ मुद्दाम म्हटले, कारण गाणगापूर रोड हे रेल्वे स्थानक देवस्थानापासून वीसेक किलोमीटर दूर आहे आणि नुसत्या नावाने माणूस तिकडेही धाडू शकतो. ‘कोणती वाट’ असे विचारल्यावर त्यांना हात उचलावाच लागला: “हिंद होग्री, बलक्क तिरग्री.” मागे जा, उजवीकडे वळा. उजव्याला ‘बल’, डाव्याला ‘एड’. बळाचा हात तो उजवा, अशी खूणगाठ मी तेव्हापासून बांधली आहे. मी उजवा हात वर करून म्हटले, “चौडापूर, बलक्क?” ते हसून म्हणाले, “हौद्री.” तरीही फाट्यावर पोहोचताच एका दुकानदाराला तोच प्रश्न नव्याने केला; आधीचे उत्तर त्याला सांगितले नाही. सांगितले असते, तर सौजन्याने त्यानेही ‘हौद्री’च म्हटले असते. त्याचाही हात त्याच वाटेकडे गेला.

आम्ही पोहोचलो तेव्हा माधुकरीची वेळ टळून गेली होती. ताई काही बोलली नाही. पादुकांचे दर्शन घेऊन परतली. पुन्हा तिचे येणे झाले नाही.

आता मी वाट विचारताना ‘री’ विसरत नाही, आणि बोटही आधी दाखवीत नाही.