तीन ओळी आणि एक ‘नका’

मराठीत नकार शेवटी येतो. ‘जखमेच्या वर दोरी घट्ट बांधू’ इथपर्यंत वाचणाऱ्याला आपण काय सांगतोय हे कळलेलं नसतं. पुढचं ‘नये’ आलं की सगळं उलटतं. कागदावर याने काही बिघडत नाही, कारण डोळा ओळ पूर्ण करतो. फोनच्या पडद्यावर मात्र अंगठा आधीच पुढच्या स्टोरीवर गेलेला असतो. आणि विषय सर्पदंशाचा असेल तर ते न वाचलेलं ‘नये’ एखाद्याच्या पायावर बेततं.

कोकणात भातलावणी सुरू झाली की आमच्या मंडळाच्या पेजसाठी आणि व्हॉट्सॲप स्टेटससाठी मी आरोग्याच्या स्लाइड बनवतो. यंदा तालुक्याच्या डॉक्टरांनी हा मजकूर पाठवला:

‘सर्पदंश झाल्यास रुग्णाला धीर द्यावा. दंश झालेल्या अवयवाची हालचाल होऊ देऊ नये. जखमेच्या वर दोरी अथवा कापड घट्ट बांधू नये, जखम ब्लेडने कापू नये, तोंडाने रक्त ओढू नये. मांत्रिकाकडे वेळ न घालवता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या नजीकच्या शासकीय रुग्णालयात त्वरित दाखल करावे. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांकावर संपर्क साधावा.’

एकूण 46 शब्द. एकही चुकीचा नाही. पण स्टोरीच्या चित्राचं माप 1080 बाय 1920 पिक्सेल. वरचे साधारण 250 पिक्सेल प्रोफाइलच्या नावाखाली जातात, खालचे साधारण 340 उत्तराच्या पट्टीखाली. दोन्ही कडांना थोडी जागा सोडली की रुंदी उरते 900च्या आसपास. हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं ठळक अक्षर घेतलं, तर माझ्या अंदाजाने एका ओळीत बारा-चौदा अक्षरं बसतात. आणि बघणारा तिथे थांबतो जेमतेम चार-पाच सेकंद.

अशा वेळी पहिला मोह होतो अक्षर बारीक करायचा. देवनागरीत तो लवकर अंगाशी येतो. जोडाक्षरं गिचमिड होतात, आणि ओळी जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून शब्द कमी करणं हाच मार्ग उरतो. कुठला शब्द जाऊ शकतो हे मात्र भाषेपेक्षा विषय ठरवतो.

मी डॉक्टरांना विचारलं, “साप कुठला ते ओळखा, असं लिहायचं का?” ते म्हणाले, “गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते. उपचार लक्षणं बघून करतो. साप शोधण्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो.” मग सापाचा फोटोही काढला. तो असता तर लोक ‘हा तो नव्हे’ म्हणत बसले असते.

बांधणं आणि कापणं मात्र काढता येत नव्हतं, कारण घरातली माणसं पहिल्या दोन मिनिटांत तेच करतात. घट्ट दोरीने रक्तपुरवठा थांबून हात किंवा पाय निकामी होऊ शकतो. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, अशात ब्लेड मारलं तर रक्त वाहतच राहतं. तोंडाने ओढणं आम्ही सोडलं. आधी कापून मगच ओढतात, त्यामुळे ‘कापू नका’त ते बरंचसं येतं.

मांत्रिकावरून वाद झाला. डॉक्टरांना तो शब्द हवाच होता. आमच्या वाडीच्या आशाताई म्हणाल्या, “अहो डॉक्टर, ज्याच्या घरात काका भगत आहे तो हा शब्द बघूनच पुढे जाईल. त्यालाच तर सांगायचंय ना?” मग ‘त्वरित’ आणि ‘मांत्रिकाकडे वेळ न घालवता’ या दोन्हींच्या जागी एकच शब्द आला: सरळ. सरळ म्हणजे मध्ये कुठेही न थांबता. ज्याला समजायचं त्याला ते समजतं.

‘शासकीय रुग्णालयात दाखल करावे’चं ‘सरकारी दवाखाना’ झालं. त्यातला ‘सरकारी’ काढू नका, असं आशाताईंनी बजावलं. नुसत्या ‘दवाखाना’ला लोक नाक्यावरच्या खाजगी दवाखान्यात जातात, आणि तिथे लस असेलच असं नाही.

शेवटी हे उरलं:

साप चावला? 108 लावा.
बांधू नका. कापू नका.
सरळ सरकारी दवाखाना.

अकरा शब्द. मधल्या ओळीत दोनदा ‘नका’ आहे, आणि ते मुद्दाम. ‘बांधू, कापू नका’ लिहिलं असतं तर एक शब्द वाचला असता, पण ‘बांधू’ नकाराविना उघडं पडलं असतं. प्रत्येक क्रियापदाचा नकार त्याला चिकटून, त्याच ओळीत हवा. म्हणून ओळ कुठे तुटावी हे ॲपवर सोडत नाही, स्वतः एंटर दाबतो. मधल्या ओळीत ‘धू’ आणि ‘पू’चे उकार खाली लोंबतात, खालच्या ओळीत ‘सरकारी’ची वेलांटी वर येते, म्हणून तिथलं अंतर थोडं जास्त ठेवलंय.

हालचालीचं काय? ते दुसऱ्या स्लाइडवर गेलं. तिथे डॉक्टरांनी सुचवलं:

गाडी येईना? मिळेल ती घ्या.
चालवू नका. उचलून न्या.

आशाताई हसायला लागल्या. “म्हणजे गाडी चालवायची नाही, उचलून न्यायची?” कर्म गाळलं की क्रियापद शेजारच्या ओळीतल्या नामाला जाऊन चिकटतं. ‘रुग्णाला चालवू नका’ असं पूर्ण लिहिलं आणि ‘हात-पाय हलवू नका’साठी स्वतंत्र ओळ केली. पहिली ओळही ‘मिळेल ती गाडी घ्या’ एवढीच ठेवली.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. घरातला सगळ्यात स्वस्त फोन घ्यायचा, उजेड निम्मा करायचा, कुणाला तरी हातभर अंतरावरून दाखवायचा आणि मनात पाचपर्यंत मोजून काढून घ्यायचा. “दिसलं का?” असं विचारलं की सगळेच हो म्हणतात, म्हणून “आता काय करशील?” असं विचारायचं. कुठून तरी फॉरवर्ड होऊन आलेली एक जुनी स्लाइड मी शेजारच्या आजोबांना अशीच दाखवली होती. तिच्यात ‘बांधू’वर ओळ संपत होती. आजोबा म्हणाले, “दोरी बांधायची.” नव्या स्लाइडला म्हणाले, “एकशेआठ लावायचा. बांधायचं नाही. सरकारीत न्यायचं.” तिन्ही ओळी त्यांनी क्रमाने, स्वतःच्या शब्दांत परत दिल्या. तेव्हाच ती लावली.

तरी या तीन ओळींना एक भोक आहे. ‘साप चावला?’ हा प्रश्न ज्याला चावलेलं कळलं त्याच्यासाठीच आहे. मण्यार बऱ्याचदा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत फारसं नाही, खूणही कधी दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि घरचे ओवा शोधत बसतात. हे पहिल्या स्लाइडवर कोंबलं असतं तर तिचा पुन्हा परिच्छेद झाला असता. म्हणून तिसरी केली, आणि ती रात्री दहाला लावतो, अंथरुणं घालायच्या वेळेला:

जमिनीवर झोपलात?
पोटदुखी? पापण्या जड?
सरळ सरकारी दवाखाना.