पावणेपाच मिनिटं आणि वर एक सेकंद

सुरुवातीलाच सांगतो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. चुका पोटात घाला. आमच्याकडे 'पावणेपाच' म्हटलं की मी अजूनही मनात इंग्रजी आकडा मांडतो आणि मग मान डोलावतो. पण या लेखाचा सगळा घोळ त्या पावणेपाचातच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून देवनारला घरी गेलो होतो. इंटर-कॉलेजला १५०० मीटरमध्ये ४ मिनिटं २५.५ सेकंद आली होती. सर्टिफिकेट बॅगेत वरच ठेवलं होतं, म्हणजे बॅग उघडली की कोणाच्या तरी नजरेला पडेल! आजोबांच्या पडलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, आत गेले आणि कपाटातून एक काळं पडलेलं पदक घेऊन आले. मागे कोरलं होतं: 'एक मैल, ४ मि. ४६ से., १९५९'.

"पावणेपाच मिनिटं आणि वर एक सेकंद," आजोबा म्हणाले. "बघ बुवा, तुझ्यापेक्षा वीस सेकंद मागे."

"आजोबा, पण तुमचा मैल. माझे पंधराशे मीटर."

"मग तू इंजिनियर ना? कर की हिशोब. आमच्या वेळी मिल्खानं कार्डिफला चारशे चाळीस यार्ड ४६.६ सेकंदांत मारले, १९५८ साली. त्यातून तीन दशांश वजा केले की झाले चारशे मीटर!"

आजोबांचा हिशोब बरोबर आहे. ४४० यार्ड म्हणजे ४०२.३३६ मीटर. जास्तीचं अंतर सव्वादोन मीटरच्या आसपास, आणि मिल्खासिंगच्या वेगाला ते काढायला पाव सेकंदाहून थोडं जास्त लागतं. एवढ्याशा अंतरात माणूस वेगळा असा दमत नाही. पण मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर. पंधराशेनंतर एकशे नऊ मीटर उरतात आणि ते शर्यतीतले सगळ्यात वाईट एकशे नऊ मीटर असतात. तिथे नुसती वजाबाकी चालत नाही.

मी सबमिशनची मागची कोरी पानं काढली आणि बसलो.

पहिली रीत शाळेतली, त्रैराशिक. १६०९.३४४ भागिले १५०० म्हणजे १.०७२९. आजोबांचे २८६ सेकंद त्याने भागले तर २६६.६, म्हणजे ४:२६.६. मी एका सेकंदाने जिंकलो!

पण त्रैराशिक असं धरून चालतं की माणूस कितीही अंतर एकाच वेगाने पळेल. तसं असतं तर मॅरेथॉनसुद्धा मी त्याच वेगाने पळालो असतो. दुसरी रीत पीटर रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनियरची, १९७७ साली प्रसिद्ध झालेली:

T2 = T1 × (D2/D1)^1.06

अर्थ सोपा आहे. अंतर दुप्पट केलं तर वेळ दुप्पट नाही, त्याहून थोडी जास्त होते, आणि ते 'थोडं जास्त' १.०६ या घातात बसवलंय. याने मैलाचा भाजक १.०७७४ येतो आणि आजोबांची वेळ ४:२५.४. म्हणजे मी एका दशांशाने हरलो.

तिसरी रीत अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धांची. तिथे मैलाची वेळ सरळ १.०८०२ ने भागतात. आजोबा ४:२४.८. आता मी सात दशांशांनी हरलो.

तीन रीती, दोन विजेते. मग खरी कोणती? व्हायवात विचारतात तसं, 'व्हेरिफाय कसं कराल?' तर असा एक माणूस घ्यायचा जो दोन्ही अंतरं जिवाच्या आकांताने पळालाय. मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज १५०० मीटर ३:२६.०० मध्ये पळाला (१९९८) आणि मैल ३:४३.१३ मध्ये (१९९९). त्याच्या मैलावरून पंधराशे काढले तर त्रैराशिक म्हणतं ३:२७.९७, रीगल म्हणतो ३:२७.०९ आणि १.०८०२ म्हणतं ३:२६.५६. खऱ्या वेळेच्या सगळ्यात जवळ तिसरं, पण तेही अर्धा सेकंद चुकलंच.

रीगलचा १.०६ इथे कमी का पडतो? कारण तो घात काही मिनिटांच्या शर्यतीपासून जवळजवळ चार तासांच्या शर्यतीपर्यंत सगळ्यांना एकच रेषा बसवून काढलाय. लांबच्या शर्यतीत शरीर जवळजवळ पूर्णपणे श्वासातल्या ऑक्सिजनवर चालतं, तिथे वेग हळूहळू उतरतो. पंधराशेत मात्र बराच भाग उधारीवर असतो आणि उधारी लवकर संपते. म्हणून या टोकाला उतार जास्त तीव्र आहे. सरासरी रेषा मधल्या अंतरांना छान बसते आणि टोकाला हुकते. कर्व्ह फिटिंगचं प्रॅक्टिकल केलेल्यांना हे नवीन नाही.

हे सगळं ऐकल्यावर आजोबा म्हणाले, "एवढी कागदं खराब करण्यापेक्षा एक मैल पळून ये ना!"

गेलो. हॉस्टेलवर परतल्यावर एका रविवारी सकाळी, चारशे मीटरच्या मातीच्या ट्रॅकवर, फिनिशच्या ९.३४ मीटर मागून सुरुवात आणि पुढे चार फेऱ्या. रूम पार्टनरने दोन वेळा घेतल्या. पंधराशेला ४:२७.०, मैलाला ४:४७.१.

यात एक फसवी जागा आहे. मैल पळताना पंधराशेला पडलेली वेळ ही 'पंधराशेची वेळ' नव्हे, कारण तिथे कोणी सगळं ओतत नाही, पुढचं शिल्लक ठेवतो. १९५४ साली ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी फिनलंडमध्ये मैल ३:५७.९ मध्ये पळाला, वाटेत पंधराशेला ३:४१.८ पडले आणि तो पंधराशेचाही विश्वविक्रम धरला गेला. भागाकार करून बघा, १.०७२६. जवळजवळ शुद्ध त्रैराशिक, कारण तो शेवटपर्यंत एकाच वेगाने पळाला. १.०८०२ ने भागलं तर ३:४०.२ येतात. म्हणजे शर्यत पंधराशेलाच संपली असती तर तो बहुधा अजून दीड सेकंद लवकर पोचला असता.

तर माझा मैल आजोबांपेक्षा १.१ सेकंदाने मागे. हरलोच. पण सिव्हिलच्या मित्रांना राहवलं नाही, त्यांनी टेप लावून ट्रॅक मोजला. कठडा नसलेल्या ट्रॅकवर ४०० मीटर हे आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजायचे असतात, कारण माणूस रेषेवर पाय ठेवून पळत नाही. आमच्याकडे ते थेट चुन्याच्या रेषेवरच मोजले होते. त्यामुळे प्रत्येक फेरी सव्वा मीटर लांब, चार फेऱ्यांत पाच मीटर, म्हणजे माझ्या वेगाने ०.९ सेकंद. राहिले दोन दशांश.

आनंदाने घरी फोन केला. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमचं घड्याळ सेकंदाचे पाचच भाग दाखवायचं," ते म्हणाले. "म्हणजे एक घर दोन दशांशांचं. आणि आमचं मैदान कोणी मोजलं होतं ते देवाला ठाऊक."

"मग? बरोबरी?"

थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "मी अनवाणी होतो."

याचा भाजक मला अजून सापडलेला नाही.