मैदानावरची चित्रपट्टी

सांगली जिल्ह्यातील एका गावच्या माध्यमिक विद्यालयात, पाचवीच्या वर्गात, ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता असलेला अकरा वर्षांचा एक मुलगा शिकत होता. वर्गात त्याचे बरे चालले होते. खिडकीजवळची ठरलेली जागा, फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिले जाणारे तासांचे वेळापत्रक आणि शेजारी बसणारा शांत स्वभावाचा मित्र, एवढ्या आधारावर त्याचा दिवस पार पडे. अडचण होती ती खेळाच्या तासाची. घंटा झाली की वर्गातील ४६ मुले एकच गलका करीत मैदानाकडे धावत आणि हा मुलगा कानांवर हात ठेवून कडुलिंबाखाली बसून राही. दोन वेळा तो फाटकातून बाहेर गेला. फाटकापुढे भर वाहतुकीचा रस्ता आहे.

दुसऱ्या प्रसंगानंतर मुख्याध्यापकांनी आईला बोलावून घेतले. दिवाळीपर्यंत पाहू, नाहीतर त्या तासाला त्याला ग्रंथालयात बसवू, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता, भीती होती. घरच्या वडीलधाऱ्यांनाही ते पटले. खेळाचा तास बुडाल्याने काय बिघडते, असे त्यांचे म्हणणे. आई मात्र अस्वस्थ झाली. हाच मुलगा घरी आल्यावर अंगणात किती वेळ आनंदाने गोल गोल धावतो, हे ती रोज पाहत होती. “सर, त्याला धावायला आवडतं. मग तुमच्या मैदानावरच तो का बसतो?” असे तिने क्रीडाशिक्षकांना विचारले.

क्रीडाशिक्षकांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. गटसाधन केंद्रातून आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिकेच्या सांगण्यावरून त्यांनी चार तास नुसती नोंद ठेवली: मुलगा कधी बिथरला, त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय झाले. नोंदी वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रत्यक्ष धावताना किंवा चेंडू फेकताना तो एकदाही बिथरला नव्हता. बिघडत होते ते मधल्या रिकाम्या जागी. घंटा आणि मैदान यांच्यामध्ये, उडीच्या रांगेत पाळीची वाट पाहताना, एक खेळ थांबून दुसरा सुरू होताना. सर्वसामान्य मूल सरांच्या आवाजावरून आणि इतरांच्या हालचालींवरून पुढे काय होणार हे ताडते. या मुलाला तो अंदाज बांधता येत नव्हता. वर्गाला भिंती असतात, बाके असतात. मैदानावर ‘येथे थांब, एवढेच कर, आता संपले’ हे सांगणारे काहीच नसते.

१९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या अभ्यासातून या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हाच ‘सारे नेहमीसारखेच असावे’ हा या मुलांचा आग्रह त्यांनी नोंदवला होता. पुढे एरिक शॉपलर यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७२ पासून राज्यभर राबवलेल्या ‘टीच’ कार्यक्रमात या आग्रहाशी झगडण्याऐवजी त्याचाच उपयोग करून घेण्यात आला. काय करायचे, किती करायचे, ते संपले हे कसे कळणार आणि त्यानंतर काय, या चार प्रश्नांची उत्तरे मुलाला डोळ्यांनी दिसली पाहिजेत, हे त्या पद्धतीचे सूत्र होय. क्रीडाशिक्षकांनी तेच चार प्रश्न आपल्या ३५ मिनिटांच्या तासाला लावले.

प्रथम त्यांनी संपूर्ण वर्गाच्याच तासाचा साचा बदलला. सुरुवात आणि शेवट कायमचे ठरले: फक्कीने आखलेल्या रेषेवर उभे राहणे, मैदानाला फेऱ्या, मोजून कवायत, शेवटी पुन्हा त्याच रेषेवर येणे आणि पाणी. मधला एकच खेळ बदलता राहिला. दहा-बारा जणांच्या रांगा मोडून लहान गट केले, त्यामुळे पाळीची वाट पाहणे कमी झाले. (ही सुधारणा एका मुलासाठी झाली, पण रांगेत एकमेकांना ढकलणारी इतर मुलेही त्यामुळे शांत झाली, हे सांगायला हवे.)

मग चित्रपट्टी. पत्त्याएवढी सहा छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून, मागे वेलक्रो लावून, वरून खाली अशा क्रमाने एका फळीवर बसवली. फळीच्या तळाशी एक कापडी खिसा आणि त्यावर ‘संपले’ हा शब्द. एक कृती झाली की मुलाने स्वतः त्या चित्राचे कार्ड काढून खिशात टाकायचे. चित्रे पुस्तकातील नव्हती. त्याच मैदानाची, त्याच रेषेची, त्याच पाण्याच्या टाकीची होती. मुलाला चित्र कळते की नाही हेही आधी तपासले. नुसते टाकीचे छायाचित्र हातात दिले आणि काही न बोलता वाट पाहिली. तो टाकीकडे चालत गेला. तो गेला नसता, तर छायाचित्राऐवजी पेला किंवा चेंडू अशी वस्तूच हातात द्यावी लागली असती.

येथे एक गंमत झाली. फेऱ्यांच्या छायाचित्रात लाल बनियन घातलेला एक वर्गमित्र धावताना दिसत होता. तो मित्र गैरहजर असलेल्या दिवशी मुलगा जागचा हलेना. सारखा इकडेतिकडे पाहत राहिला. आईनेच ते ओळखले. त्याच्या लेखी त्या चित्राचा अर्थ ‘धावणे’ असा नव्हता, ‘त्याच्याबरोबर धावणे’ असा होता. त्यानंतर छायाचित्रात केवळ आवश्यक तेवढेच ठेवण्यात आले. चित्रांवरचे चकचकीत प्लास्टिकही काढावे लागले, कारण उन्हात त्यावर चित्र दिसतच नव्हते. वर्गात बसून केलेल्या साधनांत हा दोष हमखास राहतो.

‘किती’ हा प्रश्न घड्याळाने सुटला नाही. ‘शिट्टी वाजेपर्यंत धाव’ या सूचनेला या मुलाच्या दृष्टीने अंतच नसतो. म्हणून रेषेजवळच्या खुंटीत तीन रिंगा अडकवल्या. प्रत्येक फेरीनंतर एक काढायची, खुंटी रिकामी झाली की फेऱ्या संपल्या. लेझीम त्याला लवकर जमली, ती याच कारणाने असावी. तिच्यातील हालचाली आकड्यांत बांधलेल्या असतात आणि ठेका पुढचे पाऊल आधीच सांगतो. तिचा खणखणाट मात्र सुरुवातीला त्याला सोसत नव्हता, म्हणून तो शेवटच्या ओळीच्या टोकाला उभा राही.

पट्टी वापरायला शिकवताना मोठी माणसे एक चूक करतात: ती बोलत राहतात. ‘चल, बघ, आता काय आहे, शाबास’ या शब्दांच्या गर्दीत चित्र हरवते आणि मूल पट्टीऐवजी माणसाच्या आवाजावर अवलंबून राहते. विशेष शिक्षिकेने सरांना मुलाच्या मागे उभे राहायला सांगितले. कोपराला हलका आधार देऊन त्याचा हात कार्डापर्यंत न्यायचा, बोलायचे नाही. पुढे नुसता स्पर्श, पुढे केवळ बोटाने दाखवणे, मग तेही नाही. तिसऱ्या आठवड्यात एक वेगळाच प्रकार दिसला. मुलगा सगळी कार्डे भराभर खिशात टाकून फाटकाकडे निघाला. त्याला खिसा समजला होता, क्रम नव्हता. तेव्हा सहा कार्डांवरून दोनच कार्डांवर यावे लागले: आधी हे, मग ते. चार तास तसे गेल्यावर पुन्हा एकेक कार्ड वाढवले.

एवढ्याने तास शांत झाला. मात्र येथेच थांबले असते तर पट्टीने मुलाला आणखी जखडून टाकले असते. ज्याला रोज तोच क्रम मिळतो, त्याला क्रम मोडल्याचा दिवस अधिकच जड जातो. म्हणून केशरी रंगाचे ‘बदल’ असे कार्ड तयार झाले. ते पहिल्यांदा मुद्दाम सुखाच्या बदलासाठी वापरले: दोरीउड्यांच्या कार्डावर केशरी कार्ड लावले आणि त्याच्या शेजारी त्याच्या आवडत्या चेंडूचे चित्र. असे निरनिराळ्या दिवशी पाच-सहा वेळा झाले. त्यानंतर नावडता नाही, पण साधा बदल. सप्टेंबरअखेर एके दिवशी तासाच्या आधी जोराचा पाऊस आला. सरांनी पट्टी वर्गातच आणली, मैदानाच्या चित्रावर केशरी कार्ड लावले आणि शेजारी व्हरांड्याचे छायाचित्र. मुलगा बराच वेळ पाहत राहिला, रडवेला झाला, कानांवर हात गेले. मग त्याने स्वतःच मैदानाचे कार्ड काढून खिशात टाकले आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. रिंगा तीनच होत्या, फेऱ्या व्हरांड्याच्या झाल्या.

सर्वच गोष्टी चित्राने सुटत नाहीत. खो-खो ही त्यातली एक. पाठमोरे बसायचे आणि मागून केव्हाही पाठीवर थाप पडणार, हे या मुलाला फार अवघड जाते. ओझरता स्पर्श त्याला टोचल्यासारखा होतो. सरावात खो एक ते आठ अशा ठरलेल्या क्रमाने आणि पूर्ण तळहाताने दिल्यावर तो बसू लागला. सामन्यात तो क्रम पाळता येत नाही, म्हणून सामन्यात तो खेळत नाही. शिट्टीऐवजी त्याच्यासाठी हिरवे निशाण वर करतात. शिवाय पट्टीच्या कडेला ‘विश्रांती’ असे एक कार्ड कायम असते. ते सरांच्या हाती दिले की त्याला कडुलिंबाखाली पाच मिनिटे बसता येते, कारण विचारले जात नाही. हे कार्ड नसेल तर पट्टी ही केवळ आज्ञांची यादी ठरते. मध्यंतरी एका शिक्षकांनी वर्गातील खोडीची शिक्षा म्हणून चेंडूचे कार्ड काढून घेतले, तेव्हा पुढचे दोन तास मुलाने पट्टीकडे पाहिलेच नाही. जे दिसते ते घडते, हा विश्वास गेला की चित्रे निरुपयोगी होतात.

दिवाळीपूर्वी मुख्याध्यापक स्वतः एक तास मैदानाच्या कडेला उभे राहिले. त्यांनी काही मत दिले नाही. फाटकाला कडी बसवून घेतली आणि ग्रंथालयाचा विषय पुन्हा निघाला नाही.

नोव्हेंबरात क्रीडाशिक्षक स्पर्धेसाठी तालुक्याला गेले आणि बदली शिक्षकांना पट्टी कुठे आहे हेच ठाऊक नव्हते. तो तास पूर्वीसारखाच गेला. आता पट्टी सरांच्या कपाटात नसते, वर्गात असते. रोज दोन मुले ती मैदानावर नेतात; त्यांची नावे फळ्यावर वेळापत्रकाखाली लिहिलेली असतात आणि आळीपाळीने त्यांत या मुलाचेही नाव येते. सहावीत छायाचित्रांऐवजी खिशात मावेल अशा छोट्या वहीत सहा शब्दांची यादी द्यावी, असे विशेष शिक्षिकेचे म्हणणे आहे. झालेल्या शब्दावर तो रेघ ओढील. केशरी कार्ड मात्र तेवढ्याच आकाराचे त्या वहीत चिकटवायचे आहे.