पात्र असल्यास

"पात्र असल्यास आपला कॅशबॅक 7 ते 90 कामकाजाच्या दिवसांत जमा होईल." हे वाक्य मी नोकरीला लागण्याच्या आधीपासून आमच्या उत्तरांच्या साच्यात आहे. अजूनही ते दिसलं की माझं डोकं फिरतं. समोरच्यानं विचारलेलं असतं की मी पात्र आहे का, आणि आपण त्याला कळवतो की असलात तर मिळेल. तापानं फणफणलेल्याला 'आजारी असल्यास औषध घ्या' म्हणण्यातलाच प्रकार. वर ते 90 दिवस. रविवार, दुसरा-चौथा शनिवार आणि सणवार वगळले की ते जवळपास चार महिने होतात. तोवर माणूस विसरतो. त्यानं विसरावंच, अशी कुणाची तरी इच्छा असणार, असं मला कधी कधी वाटतं.

मी एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात मराठी ईमेल बघते. उत्तरं पोरं-पोरी लिहितात, बाहेर पडण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. एवढी ओळख पुरे.

एका मार्चमध्ये कराडच्या एका गृहस्थांची मेल आली. साखर कारखान्यात टाइमकीपर, त्यामुळे हिशेब चोख. किराणा खरेदीवर 5 टक्के कॅशबॅकची आमची योजना होती. त्यांनी तीन बिलांचे फोटो जोडले होते, 2,400, 1,860 आणि 1,200 रुपयांचे. बेरीज 5,460, त्याचे 5 टक्के 273. 'माझे 273 रुपये कुठे आहेत?' एवढा एकच प्रश्न. त्याआधी ते दोनदा लिहून मोकळे झाले होते आणि दोन्ही वेळा त्यांना तोच साचा गेला होता. खरं सांगायचं तर 273 रुपयांसाठी माणूस किती मागे लागतो, हीच माझी पहिली प्रतिक्रिया होती.

आमच्याकडच्या एका मुलानं तयार केलेलं उत्तर असं होतं. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मग नियम. इंधन, वॉलेटमध्ये पैसे भरणे, घरभाडे, सोने, वीजबिल, हप्त्यांत रूपांतरित केलेले व्यवहार, रोख काढणे यांवर कॅशबॅक नाही. किमान व्यवहार 1,000 रुपये, कमाल कॅशबॅक एका स्टेटमेंटला 300. आणि शेवटी आमचं लाडकं वाक्य. म्हणजे ज्या माणसानं पेट्रोल भरलं नाही, सोनं घेतलं नाही, घरभाडं दिलं नाही, त्याला ते सगळं वाचायला लावलं आणि त्याच्या तीन बिलांबद्दल अक्षर लिहिलं नाही. मुलाला विचारलं, बाबा रे, यांचे व्यवहार उघडून पाहिलेस का? तो म्हणाला, "मॅडम, ती स्क्रीन वेगळी आहे, उघडायला वेळ लागतो." त्याचंही खोटं नव्हतं. एका मेलवर किती मिनिटं घालवली हे त्याच्या पगारवाढीच्या कागदावर येतं, उत्तर बरोबर होतं का हे येत नाही.

ती स्क्रीन मी उघडली. तिथे प्रत्येक व्यवहारासमोर तीन गोष्टी असतात आणि कॅशबॅकचं जवळपास प्रत्येक भांडण त्या तिन्हींत मिटतं किंवा पेटतं: व्यवहाराची तारीख, पोस्टिंगची तारीख आणि दुकानाचा चार आकडी कोड.

1,860 चा व्यवहार सुपरमार्केटमधला. कोड 5411, म्हणजे किराणा. पोस्टिंग 12 मार्चला. 93 रुपये पक्के. फक्त ते अजून जमा व्हायचे होते, कारण त्यांचं स्टेटमेंट 20 मार्चला तयार झालं होतं आणि आमचा नियम स्टेटमेंटनंतर 15 दिवसांचा आहे, म्हणजे 4 एप्रिलपर्यंत. मेल आली होती 27 मार्चला. इथे त्यांची तक्रारच नव्हती, होती ती फक्त घाई, आणि तीही आम्हीच तारीख न सांगितल्यामुळे झालेली.

1,200 चा व्यवहार 19 मार्चच्या संध्याकाळचा. ॲपमध्ये तो त्याच क्षणी दिसला, त्यामुळे ते निश्चिंत. पण कार्ड मशीनला लावल्यावर आधी फक्त परवानगी मिळते आणि तेवढी रक्कम तुमच्या मर्यादेतून राखून ठेवली जाते. दुकानदार दिवसाचा हिशेब बंद करतो, त्याच्या बँकेकडून मागणी येते, तेव्हा कुठे व्यवहार आमच्याकडे पक्का नोंदला जातो. हा नोंदला गेला 21 तारखेला. एका दिवसानं तो पुढच्या स्टेटमेंटमध्ये गेला. 60 रुपये बुडाले नव्हते, फक्त 20 एप्रिलच्या स्टेटमेंटनंतर, 5 मेपर्यंत मिळणार होते.

आणि 2,400 चा व्यवहार. बिलावर तूरडाळ, शेंगदाणे, तेलाचा डबा. दुकानाच्या नावात 'किराणा' असा शब्द. कोड मात्र 5943. म्हणजे स्टेशनरी, शालेय साहित्य. हा कोड ना आम्ही देतो ना दुकानदार. त्याला कार्डाचं मशीन देणारी बँक मशीन देताना धंदा विचारते आणि कोड लावते. आमच्यापर्यंत बिल येतच नाही. रक्कम येते, दुकानाचं नाव येतं आणि कोड येतो. तूरडाळ आम्हाला दिसत नाही. त्यामुळे यंत्रानं 120 रुपये नाकारले, आणि यंत्राच्या बाजूनं पाहिलं तर बरोबरच नाकारले.

मग मी उत्तर नव्यानं लिहिलं. ते असं:

'आपल्या 273 रुपयांपैकी 153 रुपये आपल्याला मिळतील, 120 रुपये मिळणार नाहीत. 1,860 रुपयांच्या खरेदीचे 93 रुपये 4 एप्रिलपर्यंत कार्डाच्या खात्यात जमा होतील. 1,200 रुपयांची खरेदी आपण 19 मार्चला केली, पण दुकानाच्या बँकेकडून ती आमच्याकडे 21 मार्चला नोंदली गेली. आपलं स्टेटमेंट 20 तारखेला बंद होतं, म्हणून तिचे 60 रुपये पुढच्या स्टेटमेंटनंतर, 5 मेपर्यंत जमा होतील. 2,400 रुपयांची खरेदी किराण्याची असली तरी त्या दुकानाचं कार्ड मशीन त्यांच्या बँकेनं स्टेशनरी दुकान म्हणून नोंदवलं आहे. योजनेत फक्त किराणा म्हणून नोंदलेली दुकानं धरली जातात, म्हणून या खरेदीवर कॅशबॅक नाही. दुकानदारानं स्वतःच्या बँकेला सांगून नोंद बदलून घेतली तर पुढच्या खरेदीवर मिळेल, मागच्या खरेदीवर नाही. दिलेल्या तारखांना रक्कम दिसली नाही तर याच मेलला उत्तर द्या, नव्यानं तक्रार करू नका.'

यातलं शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. नवी तक्रार केली की नवा क्रमांक पडतो, नवा माणूस बसतो आणि पुन्हा साच्यापासून सुरुवात होते. दिलगिरी मी काढून टाकली. ती वाचून आजवर कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही.

हे उत्तर नियमपालन विभागात अडकलं. त्यांना तारखा नको होत्या. 'जमा होतील' ऐवजी 'जमा होणे अपेक्षित आहे', आणि सुरुवातीला 'पात्र असल्यास'. मी म्हटलं, पात्रता आपणच तपासली ना, मग असल्यास कशाला? तिकडचे साहेब म्हणाले, "उद्या त्यांनी 1,860 चा माल परत केला तर?" मुद्दा होता त्यांचा. माल परत केला की त्यावरचा कॅशबॅकही परत घेतला जातो. मग मी तेच लिहिलं, 'दरम्यान माल परत केल्यास त्यावरचा कॅशबॅक मिळणार नाही'. नेमकी अट लिहिली की ग्राहकाला ती कळते. पण त्यांना नेमकी नको होती, सगळ्या अटींना पुरून उरणारी एकच हवी होती. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी तारखा राहिल्या, 'अपेक्षित' गेलं, आणि बदल्यात तळाला बारीक अक्षरांत 'योजनेच्या अटी व शर्ती लागू' आलं. ते आलं तर येऊ दे, म्हटलं, कोण वाचतंय.

इथवर मी स्वतःवर खूश होते. नव्या मुलांना हे उत्तर दाखवायला ठेवलं होतं. मग कराडहून उत्तर आलं, आणि ते आधीच्या तिन्ही मेलपेक्षा तापलेलं होतं.

त्यांनी लिहिलं होतं, तारखांचं समजलं, आभार. पण दुकानाच्या मशीनला कोणता नंबर आहे हे गल्ल्यावर उभं राहून मला कसं कळावं? दुकानाची पाटी किराण्याची, माल किराण्याचा, तुमची जाहिरात किराण्याची, आणि मी तुमच्या भाषेत वह्या घेतल्या? त्यांनी दुकानदारालाही गाठलं होतं. पूर्वी तिथे वह्या-पुस्तकंच विकली जात, मशीन तेव्हाचं. धंदा बदलला, मशीन तेच राहिलं. आणि पुढे, 'तुमच्या लोकांनी हे पहिल्याच मेलला का नाही सांगितलं? परवा मी तिथूनच परत दोन हजारांचं सामान आणलं.'

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सोपं लिहिलं की माणूस शांत होतो, असं मी मुलांना शिकवत आले होते. इथे सोपं लिहिल्यामुळेच त्यांना दिसलं की नियम त्यांच्या हाताबाहेरचा आहे. साच्यातल्या धुक्यात त्यांना फक्त उशीर दिसत होता. आता अन्याय दिसला. नियमपालनवाल्या साहेबांना हे आधीच ठाऊक असावं, असा वाईट संशय मला आला. आणि तरी, कोडाशिवाय दुसरं काय धरणार, हेही मला सुचत नाही. लाखो बिलं कोण वाचणार?

ग्राहक म्हणून विचाराल तर एवढंच करता येतं. ॲपमध्ये जुना व्यवहार उघडला की खाली बहुतेकदा प्रकार लिहिलेला असतो. नेहमीच्या दुकानाचा तो एकदा पाहून ठेवावा. योजनेच्या पानाचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढावा, कारण पानं बदलतात. स्टेटमेंटच्या आदल्या दोन-तीन दिवसांतली खरेदी पुढच्या महिन्यात धरावी. आणि लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं, तेही फुकट. हे आम्ही आमच्या उत्तरात ठळक लिहीत नाही.

त्या 120 रुपयांसाठी मी खास बाब म्हणून मंजुरी मागितली. पहिल्याच मेलला कारण सांगितलं असतं तर दुसरी खरेदी झाली नसती, या मुद्द्यावर. 120 नाकारले गेले, आणि त्या दुसऱ्या खरेदीचे 100 मंजूर झाले, कारण तेवढी चूक लेखी आमची निघत होती. म्हणजे ज्या खरेदीबद्दल ते भांडत होते तिचे नाहीत, आणि जिचे त्यांनी मागितलेच नव्हते तिचे मिळाले. हे त्यांना समजावून सांगणारी मेलही मीच लिहिली. तिला त्यांचं उत्तर आलं नाही.